‘बाकीच्यांनीही मोलाचे सहकार्य केले’

हे वाक्य मी अकरा वर्षं लिहीत आले. शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे अभिनंदनाचा मजकूर, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, फळ्यावरचा सुविचार आणि कोणी गेलं तर श्रद्धांजलीचे चार शब्द, ही कामं न सांगता माझ्याकडे येतात. आमची शाळा तालुक्याच्या गावची. दर पावसाळ्यानंतर कोणता ना कोणता संघ काहीतरी जिंकून येतो, सोमवारी परिपाठाला त्यांना पुढे उभं करतात आणि मी कागद वाचते. अकरा वर्षांचे ते कागद काढले तर खेळ बदललेला दिसेल, वर्ष बदललेलं दिसेल, शेवटचं वाक्य मात्र तेच.

मागच्या हंगामात सतरा वर्षांखालील मुलींचा खो-खो संघ जिल्ह्यात पहिला आला. अंतिम सामना एका गुणाने जिंकला. सोमवारी मी वाचलं: ‘आपल्या शाळेच्या रणरागिणींनी जिल्हास्तरीय शालेय खो-खो स्पर्धेत दैदीप्यमान यश संपादन करून शाळेच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला आहे.’ मग नऊ नावं. मग ‘तसेच राखीव खेळाडू’ म्हणून तीन नावं आणि ‘यांनीही मोलाचे सहकार्य केले’. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापक सरांनी नऊ जणींना गुलाबाचं फूल दिलं. फुलं नऊच आणली होती. तिघी हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

दुपारी त्या तिघींतली एक वह्यांचा गठ्ठा घेऊन स्टाफरूममध्ये आली. वह्या ठेवल्या आणि जाता जाता म्हणाली, “बाई, माझं नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं.”

मी आधी याला विनय समजले. ‘असं कसं, तूही संघातच आहेस ना,’ असं काहीतरी बोललेही. (त्यातही ‘ही’ आहेच.) ती ‘हो बाई’ म्हणून गेली. ती तक्रार होती हे कळायला मला दोन दिवस लागले. नाव राहून गेलं असतं तर ती चूक ठरली असती, आणि चुकीवर रागावता येतं. मी तिचं नाव घेतलं, ते अशा जागी ठेवून की तिला रागावताही येऊ नये.

मुलींची नावं या लेखात देणार नाही. त्या अजून शाळेत आहेत आणि गाव लहान आहे. नावं घेण्याबद्दलच्या लेखात नावं नाहीत, हा विनोद माझ्या लक्षात आलेला आहे.

आधी व्याकरण, कारण तेवढं तरी मला येतं. ‘ही’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे असं मी आठवीला शिकवते. ‘श्यामही आला’ म्हटलं की राम आधीच आलेला आहे आणि खरं तर गोष्ट तिथे पूर्ण झालेली आहे. ‘ही’ लागलेला माणूस वाक्यात उशिरा येतो. दर वेळी त्यात वाईट काही नसतं, पण अभिनंदनाच्या मजकुरात ‘यांनीही’ लिहिलं की वाक्य ज्यांच्यासाठी जुळवलं होतं ते आधीच बसलेले असतात आणि दाराशी उभ्या असलेल्यांसाठी चटई आणली जाते. ‘सहकार्य’ हा त्याहून वाईट शब्द. सहकार्य बाहेरचा माणूस करतो. मैदानाचं फाटक उघडून देणारे मामा सहकार्य करतात, पाण्याचे जार पाठवणारा दुकानदार सहकार्य करतो. संघातल्या मुलीने संघाला सहकार्य केलं असं म्हणणं म्हणजे घरच्या सुनेने स्वयंपाकाला सहकार्य केलं म्हणण्यासारखं आहे. आणि ‘मोलाचे’? मोल सांगायचं नसतं तेव्हाच हा शब्द वापरतात.

पण नुसते शब्द बदलून भागणार नव्हतं. ‘ही’ काढून तिथे काय लिहायचं? त्या तिघींनी काय केलं हेच मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही मी सरावाला गेले नव्हते. विभागीय स्पर्धेची तयारी सुरू होती, म्हणून मी आठवडाभर सकाळी साडेसहाला मैदानावर जाऊन बसले. तिथे जे दिसलं ते कोणत्याही खो-खोपटूला सांगायची गरज नाही. मला मात्र ते नवीन होतं, आणि शिक्षकांच्या खोलीतल्या बहुतेकांना असेल.

खो-खोत एका वेळी मैदानावर एका संघाच्या नऊ जणी असतात आणि दुसऱ्या संघाच्या तीन. आठ जणी मधल्या पाटीवर एकीआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात, नववी धावते, आणि समोरच्या संघाची तिघींची तुकडी पळत असते. ती बाद झाली की पुढची तीन. पाळी संपली की बसणाऱ्या पळतात आणि पळणाऱ्या बसतात. म्हणजे सामन्यात नऊ जणी पुरतात, कारण उरलेला खेळ समोरचा संघ पुरवतो. सरावाला समोरचा संघ नसतो. आठ बसल्या, एक धावली, तर पकडायचं कोणाला? तीन पळणाऱ्या कुठून आणायच्या? बसलेल्यांतल्या तीन उठवल्या तर पाटीवर तीन चौकोन रिकामे राहतात, खो द्यायला तिथे पाठच नसते, आणि सगळी चाल मोडते.

नऊ आणि तीन, बारा. खो-खोची एक पाळी एकदा नीट खेळून बघायची असेल तर बारा जणी लागतात. अकरा आल्या तर सराव होत नाही. फार तर सूर मारायचा आणि उठबशीचा व्यायाम होतो. ‘राखीव’ म्हणून आपण ज्या तिघी बाजूला काढतो त्यांच्यावाचून नऊ जणींचा संघ तयारच होऊ शकत नाही. सामन्यात त्या बाहेर बसतात हे खरं, पण ते तेवढ्यापुरतं. त्याआधीचे दोन महिने रोज सकाळी तीच तुकडी पळत असते आणि बाकीच्या नऊ जणी त्यांना पकडून पकडून शिकत असतात. शिवाय तीच तुकडी सलग पळू शकत नाही, दमते, म्हणून प्रत्यक्षात पंधरा-सोळा लागतात. आमच्याकडे सोळा होत्या. प्रवेशिकेवर बारा नावं गेली. उरलेल्या चौघींचं नाव माझ्या कागदावर ‘ही’ लावूनसुद्धा आलं नव्हतं.

आता त्या तिघी. वह्या घेऊन आलेली मुलगी नववीतली. अंतिम सामन्यातल्या प्रतिस्पर्धी संघात एक पळणारी आहे, जी गेल्या वर्षी आमच्या मुलींना कुणालाच सापडली नव्हती. ती खांबाच्या जवळ थांबते, पाठलाग करणारी तिथे पोचली की डावा खांदा झुकवते आणि उजवीकडून निसटते. खो-खोत धावणारीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला मागे वळता येत नाही, त्यामुळे खांबाशी झालेली चूक महाग पडते: पुन्हा सगळं सुरुवातीपासून. सरांनी या नववीतल्या मुलीला सांगितलं की तू ती हो. तिने मागच्या वर्षीच्या सामन्याचा कोणाच्या तरी फोनवरचा व्हिडिओ बघून ती हूल उचलली. खांदा सगळ्यांना दिसत होता. हिला दिसलं ते असं की खांदा झुकवण्याआधी त्या मुलीचा मागचा पाय अर्ध्या पावलाने थांबतो. मग तीन आठवडे ही रोज खांबाशी तशीच थांबायची, तसाच पाय अडवायची, आणि कर्णधार तिच्यावर सूर मारायची. पहिल्या आठवड्यात कर्णधार रोज मोकळ्या हवेत पडायची. तिसऱ्या आठवड्यात खांदा सोडून पायाकडे बघायला शिकली. अंतिम सामन्यात शेवटच्या पाळीत तीच प्रतिस्पर्धी मुलगी खांबाशी त्याच सुरात बाद झाली. जिंकण्याचं अंतर एका गुणाचं होतं हे वर लिहिलंच आहे.

हा एक गुण गुणपत्रकात कर्णधाराच्या नावावर आहे आणि तो तिचाच आहे. सूर तिने मारला, कोपर तिचं सोललं. पण तो गुण कसा झाला हे सांगताना नववीतल्या मुलीला वगळणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं आहे.

दुसरी दहावीतली. तिच्याकडे शंभर पानी वही आहे. कोणती तुकडी किती मिनिटं टिकली, कोणी खो देताना घाई करून फाऊल केला, कोण बसलेली असताना खो मिळाल्यावर उठायला वेळ लावते, हे ती सरावाच्या मध्ये-मध्ये, आपली तुकडी बाद झाली की, लिहिते. तुकड्यांचा क्रम ठरवताना सर ती वही मागतात. तिचं अक्षर भयंकर आहे. मराठीच्या पेपरात मी तिचे त्यासाठी गुण कापले आहेत.

तिसरीबद्दल लिहिताना मला खोटं लिहायचा मोह झाला. तिच्यात असं वेगळं काही सापडेना. ती हूल उचलत नाही, वही लिहीत नाही, जोरात ओरडून धीर देत नाही. ती येते आणि तुकडीत तिसरी उभी राहते, पहिल्यांदा बहुतेक तीच बाद होते, आणि पुन्हा उभी राहते. हजेरीच्या वहीत बघितलं तर तिच्या हजेऱ्या सगळ्यांत जास्त होत्या, कर्णधारापेक्षा. बारावी माणूस ती. ती न आली त्या दिवशी सराव होत नाही, हे वर केलेल्या बेरजेवरून कळेल. मला वाटलं होतं तिच्यासाठी काहीतरी सुंदर वाक्य शोधावं लागेल. आकडा पुरला.

या सगळ्याचा नवा मजकूर करून मी पुन्हा परिपाठाला वाचावा असं ठरवलं, तेव्हा आक्षेप आले, आणि ते काही फालतू नव्हते. पहिला आमच्या क्रीडाशिक्षकांचाच. ते म्हणाले, “बाई, नऊ जणींचं श्रेय वाटून टाकू नका. खेळलेली आणि न खेळलेली यांत फरक असतो. तो मुलींना माहीत असतो. तुम्ही पुसायला गेलात तर त्या तुमच्यावर हसतील.” सर बरोबर आहेत. सामना चुरशीचा होता म्हणून त्यांनी शेवटपर्यंत एकही बदल केला नाही, आणि त्या निर्णयाबद्दल त्यांना आजही शंका नाही. मलाही नाही. सगळ्यांना दोन-दोन मिनिटं खेळवा असं मी म्हणत नाही. जिल्ह्याचा अंतिम सामना म्हणजे स्नेहसंमेलन नव्हे.

म्हणूनच माझं भांडण जितकं ‘बाकीच्यांनीही’शी आहे तितकंच ते ‘आपण सगळेच विजेते’शी आहे. हे दुसरं वाक्य हल्ली जास्त ऐकू येतं, प्रशिक्षणांमधून आलेलं आहे, आणि ते बोलणाऱ्याला आपण फार उदार आहोत असं वाटायला लावतं. ते ऐकून शेवटच्या रांगेतली, खो-खोचा ख न खेळणारी मुलंही टाळ्या वाजवतात, कारण तेही विजेते. जिथे सगळे विजेते तिथे त्या तिघी पुन्हा गर्दीत गेल्या. फरक न पुसता सगळ्यांना सामावून घ्यायचं असेल तर प्रत्येकीचं काम वेगळं सांगावं लागतं, आणि त्यासाठी ते माहीत असावं लागतं. इथे आळस आडवा येतो. माझ्या बाबतीत तर तोच होता.

तिसरं एक वाक्य आहे, मायेने बोललं जाणारं: ‘संधी मिळाली असती तर यांनीही चमक दाखवली असती.’ हे तर मुलीच्या तोंडावर म्हणू नये. एक तर ते खरं असेलच असं नाही. दुसरं, ते तिच्याजवळ जे नाही त्याबद्दल बोलतं आणि जे आहे त्याबद्दल गप्प बसतं. नववीतल्या मुलीने केलेलं काम घडून गेलेलं होतं. ‘असती तर’ची तिला काय गरज?

वर्तमानपत्रांचं वेगळंच. खो-खोची बातमी ज्या साच्यात येते तो वाचकांनी पाहिला असेल: नावापुढे कंसात अमुक मिनिटं संरक्षण आणि तमुक गडी. साचा चांगला आहे, थोडक्या जागेत सामना कळतो. पण त्या कंसात फक्त पळणं आणि टिपणं मावतं. पाटीवर बसलेल्या ज्या मुलीने योग्य क्षणी पाठीवर खो मिळताच उठून दिशा घेतली आणि पळणारीला पुढच्या मुलीच्या तावडीत ढकललं, तिच्यासाठी कंसात रकानाच नाही. म्हणजे न दिसणाऱ्या मुली खेळलेल्या नऊ जणींतही असतात. गंमत अशी की हा बसण्याचाच खेळ आहे. नऊपैकी आठ जणी बसलेल्या असतात आणि त्यांना कोणी ‘नुसती बसली’ म्हणत नाही. रेषेबाहेर बसलेल्या तिघींना म्हणतात.

मोठ्या खेळांत हे प्रश्न सुटलेले आहेत असंही नाही. १९६६ सालचा फुटबॉलचा विश्वचषक इंग्लंडने जिंकला तेव्हा पदकं फक्त अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांना मिळाली. जिमी ग्रीव्हज हा त्यांचा मोठा गोलवीर फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात जखमी झाला, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले. ग्रीव्हज आणि इतरांना पदक मिळालं २००९ साली, त्रेचाळीस वर्षांनी. आपल्याकडे २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा प्रतिका रावल चाकांच्या खुर्चीतून मैदानावर आली होती. स्पर्धेत तिने शतक केलेलं, घोटा दुखावल्याने उपांत्य सामन्याआधी संघाच्या यादीतून नाव गेलं, आणि पदकं यादीतल्या पंधरा जणींनाच. तिचं पदक नंतर मिळालं. यादी करणाऱ्याने काही वाईट मनाने केलं नव्हतं. नियम तसा होता. आमच्याकडेही गुलाब नऊ आणले ते मुख्याध्यापक सरांनी दुष्टपणाने नव्हे. कोणीतरी ‘किती जणी खेळल्या?’ एवढंच विचारलं होतं.

त्या विश्वविजेत्या संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. त्यांची शाळेतली गोष्ट मुंबई क्रिकेटमध्ये सगळ्यांना पाठ आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ३२६ आणि ३४९, दोघेही नाबाद. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून मुझुमदार बसलेले होते. ते बसूनच राहिले. शालेय क्रिकेटचा सगळ्यांत गाजलेला विजय आणि त्यातला हा मुलगा, ज्याची पाळीच आली नाही. ही गोष्ट आज आपण सांगतो ती पुढे मुझुमदारांनी रणजीत धावांचा डोंगर रचला म्हणून, आणि भारताकडून एकदाही न खेळता विश्वचषक जिंकणारा संघ घडवला म्हणून. मला खटकतं ते हे. न खेळलेल्याची गोष्ट सांगायला तो पुढे मोठा व्हावा लागतो. आमची तिसरी मुलगी पुढे बहुधा कोणी मोठी होणार नाही. मी तिच्याबद्दल सोमवारी बोलायचं की नाही?

एक मर्यादा मात्र मला मजकूर लिहितानाच सापडली. चौघी ज्या बारांत नव्हत्या, त्यांतली एक खरं तर बारांत यायची. स्पर्धेच्या गावी एक मुक्काम होता आणि घरून परवानगी मिळाली नाही. हे मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, तिच्या बाजूने, घरच्यांना चिमटा काढून. मग तिला विचारलं. ती म्हणाली, “नको बाई. सरावाचं सांगा. घरचं नको.” बरं झालं विचारलं. न खेळण्याची कारणं ज्याची त्याची असतात: दुखापत, पैसे, मासिक पाळी, वडिलांचा राग, नापासाची भीती. ती माईकवरून सांगायचा अधिकार मला नाही. काय केलं ते सांगायचं. का खेळली नाही ते तिने सांगितलं तरच. त्या तिघींनाही मी मजकूर आधी दाखवला. दहावीतलीने अक्षराबद्दलचं वाक्य काढायला लावलं. (ते इथे परत घातलंय. यासाठीही तिची परवानगी घेतली आहे.)

मग पुढच्या सोमवारी वाचलं ते असं:

‘सतरा वर्षांखालील मुलींच्या संघाने जिल्हास्तरीय खो-खो स्पर्धेचा अंतिम सामना एका गुणाने जिंकला.’ पुढे नऊ जणींची नावं, प्रत्येकीसमोर एक ओळ: कोण किती मिनिटं टिकली, कोणी किती गडी टिपले, आणि ज्यांच्या नावावर दोन्ही नव्हतं त्यांच्यासमोर त्यांनी पाटीवर काय केलं ते. ‘हा संघ दोन महिने सोळा जणींनी घडवला. शेवटचा गुण ज्या हुलीवर मिळाला ती हूल हिने तीन आठवडे रोज करून दाखवली. तुकड्यांचा क्रम हिच्या वहीवरून ठरला. सरावाच्या त्रेचाळीस दिवसांत ही एकही दिवस चुकली नाही. बारा जणी असल्याशिवाय खो-खोचा सराव होत नाही. या चौघी रोज दुसरी तुकडी म्हणून पळाल्या.’ ‘ही’, ‘हिने’, ‘या’च्या जागी अर्थात नावं होती. रणरागिणी नाही, शिरपेच नाही. वाचायला पावणेदोन मिनिटं लागली. आधीच्या मजकुराला सव्वा मिनिट लागायचं.

एवढ्याने फार काही बदललं असं सांगायचा मोह आवरते. चौकातल्या फ्लेक्सवर नऊच फोटो आहेत आणि त्याहून मोठा फोटो फ्लेक्सचे पैसे देणाऱ्या भाऊंचा. एका सहकारी बाईंनी विचारलं, आता हस्ताक्षर स्पर्धेलाही इतकं लिहिणार का? लिहिणार नाही, तिथे बारावी मुलगी लागत नाही. कर्णधार मात्र परिपाठानंतर नववीतल्या मुलीला रांगेतून ओढून खांबाशी घेऊन गेली आणि दोघींनी पाचवीच्या मुलींना ती हूल आणि तो सूर करून दाखवला. तिसऱ्यांदा कर्णधार चुकली आणि मोकळ्या हवेत पडली. पाचवीच्या मुली खदाखदा हसल्या.

आणि तिसरी मुलगी मधल्या सुट्टीत आली. आईला दाखवायला तो कागद मागितला. मी दिला. तिने तिथेच उभं राहून वाचला, बोट ठेवून, आणि म्हणाली, “बाई, त्रेचाळीस नाही, चव्वेचाळीस. एका दिवशी सर तालुक्याला गेले होते, हजेरी झाली नव्हती. पण आम्ही पळालो.”

मी पेन काढून आकडा दुरुस्त करून दिला.